दार लागलं की जीव घाबरतो: चोपड्यात राहून विमानाच्या भीतीची शिडी

*मी चोपड्याची, वय 54. 2019 साली मुंबईहून दिल्लीला जाताना विमानाचं दार लागलं आणि जीव गुदमरायला लागला. कशीबशी पोचले, येताना ट्रेनने आले. आता मुलगी दुबईला आहे, फेब्रुवारीत तिचं बाळंतपण, म्हणजे हातात चार महिने. दोनदा तिकीट काढून रद्द केलं. मिस्टर म्हणतात, गोळी घे आणि झोपून जा. मुलगी म्हणते, पायरी-पायरीने भीती घालवतात. पण चोपड्यात बसून विमानाच्या पायऱ्या मी चढू कशा?*

ताई, उत्तराची सुरुवात तुम्हीच करून ठेवली आहे. तुम्ही लिहिलंय, ‘दार लागलं आणि’. विमान उडालं तेव्हा नाही, हादरे बसले तेव्हा नाही, खिडकीतून खाली पाहिलं तेव्हाही नाही. विमान अजून जमिनीवर होतं आणि जीव गुदमरायला लागला होता.

विमानाला घाबरणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते. तुम्हालाही विचारते. समजा तुम्ही विमानात बसलात, दार बंद झालं आणि घोषणा झाली की आज हे विमान उडणार नाही, पण तीन तास दारही उघडणार नाही. तुम्हाला हायसं वाटेल की घाम फुटेल? ज्याला विमान पडण्याची भीती आहे त्याला हायसं वाटतं. त्याची शिडी वेगळी असते, तिच्यात इंजिनाचे आवाज, हादरे, खराब हवामान असं सगळं येतं. ज्याला घाम फुटतो त्याची भीती विमानाची नसतेच. ती कोंडलं जाण्याची असते, ‘आता मला हवं तेव्हा बाहेर पडता येणार नाही’ याची. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही या दुसऱ्या गटातल्या वाटता. तसं असेल तर चोपड्यात विमान नाही याने काही अडत नाही. बंद दारं घरोघरी आहेत.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिली म्हणजे प्रकृती. वय 54 आहे, छातीत धडधड होते, तर आधी ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या. दमा, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असेल तर मी खाली सांगते ते श्वासाचे आणि धावण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे ही भीती कुठे-कुठे येते. फक्त विमान, लिफ्ट, बंद खोली इथेच येत असेल तर तो ठरावीक फोबिया आहे आणि खालचा मार्ग तुम्हाला लागू पडेल. पण घरी निवांत भाजी निवडतानाही अचानक असा झटका येत असेल, किंवा त्याच्या धाकाने एकटीने बाजारात जाणं बंद झालं असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे. मग एकटीने शिडी चढू नका, मानसोपचार करणाऱ्या माणसाला सोबत घ्या.

आता एका माणसाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पारोळ्याकडचे एक कापसाचे व्यापारी, पन्नाशीचे. गाठी विकायला कोइमतूरला जायचे, तेही रेल्वेने, दीड-दोन दिवसांचा प्रवास करून. पहिल्या भेटीत त्यांनी एकाच वाक्यात सगळं सांगितलं, ‘‘दार बंद व्हयनं का मना जीव घाबरस.’’ मी विचारलं, घाबरला की पुढे काय होतं? ते गप्प झाले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाले की श्वास कोंडेल, दहा मिनिटांत मी वेड्यासारखा ओरडायला लागेन, दार उघडायला धावेन आणि लोक मला धरून ठेवतील.

शिडी या वाक्यावर उभी राहते. ‘भीती वाटेल’ हा काही अंदाज नाही, ती तर वाटणारच. ‘दहा मिनिटांत मी ओरडेन’ हा अंदाज आहे, आणि तो खरा ठरतो की खोटा हे घड्याळ लावून पाहता येतं. म्हणून एक साधी वही करा. प्रत्येक प्रयोगाआधी तीन गोष्टी लिहा: काय करणार, काय होईल असं वाटतं, आणि भीती 0 ते 100 मध्ये किती. प्रयोग झाल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. भीतीला असे आकडे देण्याची पद्धत जोसेफ वोल्पे या डॉक्टरांपासून रूढ झाली. 1958 साली त्यांनी पायरी-पायरीचा उपचार सविस्तर मांडला होता. तेव्हाची समजूत अशी होती की प्रत्येक पायरीवर भीती पूर्ण निवेपर्यंत थांबायचं. आता आम्ही आकडा उतरण्याची तितकी वाट पाहत नाही. अंदाज खोटा पडला का, हे बघतो. मेंदू जुनी भीती पुसून टाकत नाही. तिच्या शेजारी ‘दार बंद होतं आणि तरी काही झालं नाही’ अशी नवी नोंद करतो. आपल्याला ती नवी नोंद पक्की करायची असते.

पारोळ्याच्या भाऊंची पहिली पायरी दाराची नव्हती, श्वासाची होती. ज्यूसच्या पाकिटाला असते ती बारीक नळी घ्यायची, नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त नळीतून श्वास घ्यायचा. छाती आवळते, पुरेशी हवा मिळत नाही असं वाटतं, म्हणजे विमानात जे वाटतं तेच, पण घरच्या ओसरीवर. मग एक मिनिट जागच्या जागी पळायचं, म्हणजे धडधड येते. दिवसातून तीन वेळा, आठवडाभर. गुदमरल्याची ती भावना धोक्याची नाही, हे शरीराला आधी कळावं लागतं. भीतीत आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर, मुंग्या, छातीत आवळल्यासारखं असं सगळं सुरू होतं. प्राणवायू कमी पडलेला नसतो. चक्कर येऊन पडेन अशी भीती असेल तर तेही सांगते. या भीतीत रक्तदाब वाढतो, त्यामुळे माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त किंवा इंजेक्शन पाहून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब मात्र एकदम उतरतो आणि ते खरोखर पडतात. त्यांना हात-पाय-पोटाचे स्नायू आवळून धरायला शिकवावं लागतं. तो प्रकार तुमचा नाही.

त्यानंतर घरातली कोठीची खोली. दार लावून आत पाच मिनिटं, कडी आतून. मग वीस मिनिटं. मग कडी बाहेरून आणि ती लावणारा मुलगा ओट्यावर बसलेला. मग तोच मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणार, म्हणजे हाक मारली तरी लगेच कुणी येणार नाही. एवढ्या एका बदलाने आकडा 40 वरून 75 वर गेला. खोली तीच होती, अंधार तेवढाच होता. कडी उघडणं आपल्या हातात नाही, ही भीतीची खरी नस होती. मुलाला मी सांगून ठेवलं होतं की ठरलेल्या वेळेच्या आधी दार उघडायचं नाही आणि दाराबाहेरून ‘बाबा, बरे आहात ना’ असंही विचारायचं नाही. तुमच्या घरीही हे ठरवून घ्या. (आत गॅस, शेगडी, धूर होईल असं काही नको, आणि घरात दुसरं कुणी जागं असू द्या.)

पुढची पायरी लिफ्टची. जळगावात चार-पाच मजली इमारती पुष्कळ आहेत. एका दुपारी लागोपाठ दहा फेऱ्या, आधी कुणाबरोबर, मग एकट्याने. मग मोठ्या गाडीत सगळ्यात मागच्या रांगेत मधे बसून, काचा बंद, जळगाव ते भुसावळ. तिथे बसल्यावर पुढची सीट पाडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मग रेल्वे. खानदेशात विमानाच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे एसी डब्यातला वरचा बर्थ. खिडकी उघडत नाही, डोक्यावर छत टेकल्यासारखं, पडदा ओढला की आजूबाजूचं काही दिसत नाही. जळगावहून थेट मनमाडला थांबणारी गाडी घेतली की सुमारे 160 किलोमीटर, दोनेक तास, उतरायची सोय नाही.

इथे भाऊ अडकले. या प्रवासाला ते तीनदा गेले, तिन्ही वेळा नीट पोचले, वहीत भीती 35 लिहिली. पण चौथ्या वेळी जायच्या आदल्या रात्री आकडा पुन्हा 80. तीनदा अंदाज खोटा पडूनही मेंदूने काहीच नोंदवलं नव्हतं. असं झालं की मी एकच गोष्ट शोधते: माणूस सोबत काय नेतोय? मी म्हटलं, तुमचे खिसे माझ्या टेबलावर रिकामे करा. शर्टाच्या वरच्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी निघाली. कडा झिजून पांढऱ्या झालेल्या, चांदीवरची अक्षरं पुसत आलेली. दहाच्या दहा गोळ्या जागेवर. तारीख वाचली तर मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. त्यांनी त्यातली एकही गोळी कधी घेतली नव्हती. ती खिशात आहे एवढ्यावर ते लिफ्टमध्ये चढत होते, बर्थवर झोपत होते. दर वेळी मेंदू शिकत होता तो हा धडा: वाचलो, कारण पट्टी खिशात होती.

अशा आधारांना आम्ही ‘कुबड्या’ म्हणतो. शिडी फसते ती बहुधा यांच्यामुळे, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. दाराजवळचीच सीट घेणं, पाण्याची बाटली हातात घट्ट धरणं, मिस्टरांचा हात धरणं, मनातल्या मनात आकडे मोजणं, फोनवर कुणाला तरी सतत धरून ठेवणं, डोळे गच्च मिटणं. यात नामस्मरणाचा प्रश्न नेहमी येतो. तुम्ही रोज करत असाल तर करा. पण ‘नाव घेतलं नाही तर श्वास बंद पडेल’ म्हणून घेत असाल तर प्रयोगाच्या वेळी ते बाजूला ठेवून बघा. खोल श्वास घेण्याचंही तसंच आहे. आवडत असेल तर एरवी करा, पण ‘खोल श्वास घेतला म्हणून वाचले’ असं वाटायला लागलं की तीही कुबडी झाली.

भाऊंनी पट्टी घरी ठेवली आणि पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीवर आले. कोठीच्या खोलीत, जिथे आकडा 15 झाला होता, तिथे पट्टीशिवाय तो 60 आला. ते खट्टू झाले. मी त्यांना सांगितलं की मोजणी आता कुठे सुरू झाली. यावेळी कोठी ते मनमाड हे अंतर त्यांनी 19 दिवसांत कापलं, आणि पाचव्या प्रवासाच्या आदल्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

आता तुमच्या मिस्टरांच्या गोळीबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण गोळीने तुमची पायरी वाया जाईल. 1997 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच प्रश्नावर होता. विमानाला घाबरणाऱ्या 28 स्त्रियांपैकी काहींना उड्डाणाआधी अल्प्राझोलाम हे घबराट कमी करणारं औषध दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पहिल्या उड्डाणात औषध घेतलेल्यांनी भीती कमी वाटल्याचं सांगितलं. आठवड्याने सगळ्या पुन्हा उडाल्या, यावेळी गोळीशिवाय, तेव्हा आधी औषध घेतलेल्या स्त्रियांना भीतीही जास्त वाटली आणि पॅनिकचे झटकेही जास्त जणींना आले. गोळीच्या अमलात झालेला प्रवास मेंदू आपल्या खात्यात जमा करत नाही. मात्र तुम्ही अशी गोळी रोज घेत असाल तर मनाने अचानक बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा. आणि समजा घरात आणीबाणी आली, उद्याच निघावं लागलं, शिडीला वेळच नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेऊन जाण्यात काही चूक नाही. तेव्हा पोचणं महत्त्वाचं. तुमच्याकडे चार महिने आहेत, म्हणून मी आग्रह धरतेय.

तुमच्या चार महिन्यांचा हिशोब मी असा मांडेन. पहिले दोन आठवडे नळी, पळणं आणि कोठीची खोली. रोज, सणवार असला तरी, कारण दोन प्रयोगांत आठवड्याचं अंतर पडलं की अर्धं शिकलेलं निसटतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लिफ्ट आणि गाडीची मागची सीट. चोपडा ते जळगाव एसटीने येणारच असाल तर दारापासून लांब, खिडकी सोडून आतली सीट घ्या, तीही एक पायरीच आहे. दुसऱ्या महिन्यात वरचा बर्थ, निदान चार वेळा, वेगवेगळ्या वेळी, एकदा तरी रात्री आणि एकदा तरी एकटीने. पायरी झाली हे कसं ओळखायचं? भीती शून्य झाली म्हणून नाही. ‘ओरडेन, धावेन’ असं वहीत लिहिताना तुमचाच हात अडखळायला लागला, ते लिहिणं तुम्हालाच पटेनासं झालं, की पुढे जा. एखादी पायरी मधेच सोडून यावं लागलं तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, तिची लहान आवृत्ती करा. भीती शिगेला असताना बाहेर पडलात आणि तिथेच थांबलात तर ‘बाहेर पडले म्हणून वाचले’ ही जुनी नोंद आणखी पक्की होते.

तिसऱ्या महिन्यात जळगावचं विमानतळ. 2012 साली सुरू झालेलं, कुसुंब्याजवळचं. एकदा नुसतं बाहेर उभं राहून विमान उतरताना आणि उडताना बघा. घरी खुर्चीत बसा, कमरेला ओढणी पट्ट्यासारखी घट्ट बांधा, कानात विमानाच्या आतल्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा आणि 2019 चा तो क्षण, दार लागतानाचा, वर्तमानकाळात स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून रोज वीस मिनिटं ऐका. ‘दार बंद होतंय, माझा घसा आवळतोय, मी उठू शकत नाही.’ शेवट गोड करू नका, ‘मग मी सुखरूप पोचले’ असं त्यात नको. ऐकून कंटाळा आला की काम झालं.

मग दुबईच्या आधी एक छोटं उड्डाण. जळगावहून मुंबईला विमान चालू असेल तर तेच, तासा-सव्वातासाचं, आणि शक्यतो आठवड्याच्या आत परत येतानाही विमानच. 2019 ला तुम्ही ट्रेनने परतलात. त्या परतीच्या प्रवासाने भीतीला जिंकवलं, जातानाच्या विमानाने नव्हे. इथून उडणारी विमानं लहान, पंख्याची असतात. आवाज मोठा, छत खाली, जागा चिंचोळी. कोंडल्यासारखं वाटण्यासाठी ती मोठ्या जेटपेक्षा कठीण आहेत, म्हणूनच उपयोगाची. ते विमान झालं की दुबईचं मोठं विमान ऐसपैस वाटेल. सीट दारापासून लांब, आतली घ्या. मिस्टर सोबत असले तर दोन रांगा मागे बसवा.

त्या दिवशी दार लागेल तेव्हा आकडा 70-80 होईल, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. भाऊंचा 75 झाला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ‘दहा मिनिटांत ओरडेन’ हा आपला अंदाज मनात धरून बसून राहिले. अकराव्या मिनिटाला विमान अजून धावपट्टीकडे जात होतं आणि ते शेजाऱ्याला विचारत होते की चहा मिळतो का. हवेत गेल्यावर आकडा 40 होता. शून्य झाला नाही, अजूनही होत नाही. ‘हवा संपेल’ असं तुमच्या वहीत असेल तर एवढं सांगते की मोठ्या विमानात आतली हवा दर काही मिनिटांनी बदलत राहते, इंजिन चालू असेपर्यंत बाहेरून ताजी हवा येतच असते. पण हे मी तुम्हाला एकदाच सांगेन. दर वेळी विचारून खात्री करून घेतली तर माझं उत्तरच तुमच्या खिशातली पट्टी होईल.

दुबईहून आल्यावर दोन महिन्यांच्या आत पुन्हा कुठेतरी उडा, आणि मधल्या काळात जळगावला आलात की जिना सोडून लिफ्ट घ्या. वर्षभर खंड पडला तर भीती थोडी परत येते, तेव्हा मधल्या पायरीपासून, वरच्या बर्थपासून, सुरू केलं की पुरतं. आज संध्याकाळी मात्र एवढंच करा: वही काढा आणि पहिल्या पानावर ‘घाबरले की पुढे नेमकं काय होईल’ याचं तुमचं वाक्य लिहा, मिनिटांच्या आकड्यासकट.